‘अल्कोहोल घातलेलं नाही’ म्हणजे अल्कोहोल नाही?

“बाळाचं टॉनिक हर्बल आहे, त्यात अल्कोहोल घातलेलंच नाही. जन्मापासून बिनधास्त द्या.”

घातलेलं नसतं, पण तयार झालेलं असतं. नावात ‘आसव’ किंवा ‘अरिष्ट’ असेल तर ते औषध गूळ-साखर घालून आंबवलेलं असतं. लेबलवर बारीक अक्षरांत ‘स्वयंजनित अल्कोहोल’ आणि टक्केवारी सापडते. 8 टक्के असेल तर 5 मिलीच्या एका चमच्यात 0.4 मिली शुद्ध अल्कोहोल. तान्ह्याला हे नकोच.

ग्राइप वॉटरमध्ये अल्कोहोल नसलं, तरी सुक्रोज म्हणजे साखर आहे का बघा. गोड चवीनेही बाळ घटकाभर शांत होतं. पोटदुखी थांबली असं नव्हे. वयाची अट बाटलीगणिक वेगळी असते. सहा महिन्यांआतील बाळाला यातलं काहीही डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. हिरवी उलटी झाली तर बाटली बाजूला ठेवून लगेच दवाखाना गाठा.