‘जाड पॅड मागितला, पातळ दिला’: एका रिव्ह्यूला दुकानाचं उत्तर

रिव्ह्यू (दोन स्टार): सायकलच्या लाँग राइडसाठी सगळ्यात जाड जेल पॅडची शॉर्ट्स मागितली होती. दुकानदाराने पातळ पॅडची दिली, तीही M. मी सगळीकडे L घालतो. एप्रिलमध्ये हायब्रिडवर पुणे–सातारा–पुणे केली. परतताना शिरवळनंतर बसवेना. हाडं दुखली नाहीत, पण जांघेत दोन्हीकडे सोलवटलं आणि घामाने नुसती आग. जास्त पैसे घेऊन कमी पॅड! वर बदलूनही देत नाहीत.

दुकानाचं उत्तर:

नमस्कार सर. त्रास झाला हे वाचून वाईट वाटलं. सोलवटलेल्या कातडीवर खारट घाम म्हणजे काय, ते सायकल चालवणाऱ्याला वेगळं सांगायला नको. पण तुम्ही हाडांबद्दल लिहिलेलं वाक्य या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचं आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

पॅडचं मुख्य काम बैठकीच्या दोन हाडांखालचा दाब पसरवणं. फोम कमी पडला असता तर पहिली ओरड त्या हाडांनी केली असती, तीही बहुधा खंबाटकीच्या चढावरच, कारण चढावर आपण बराच वेळ एका जागी बसून रेटतो. दीडशेच्या वर किलोमीटर होऊनही तिथे दुखलं नाही, म्हणजे पॅडने त्याचं काम केलं.

जाडी बोटाला लगेच कळते, म्हणून सगळे तीच बघतात. लांब पल्ल्याला खरी मदत होते ती फोमच्या घनतेची. काही ब्रँड 80, 100, 120 असे आकडे लिहितात. ते एका घनमीटर फोमचं वजन आहे, किलोमध्ये. मऊ, जाड फोम दुकानात बसून पाहिला की गादीसारखा वाटतो आणि तासा-दोन तासांनी हाडाखाली चेपून बसतो. मग हाड सीटलाच टेकतं आणि न चेपलेला बाकीचा फोम मधल्या नाजूक भागात वर येतो. त्याने मुंग्या येतात. तुम्ही म्हणता त्या जेल पॅडचा आणखी एक त्रास म्हणजे जेलमधून हवा फारशी जात नाही. परीक्षा सोपी आहे: हाडाखाली येणारा भाग अंगठा आणि बोटाच्या चिमटीत जोरात दाबा. बोटं जवळजवळ एकमेकांना भिडली तर तो पॅड छोट्या फेरीचा. तुमच्या शॉर्ट्सवर आणि काउंटरवरच्या त्या जाड जेलवर, दोन्हींवर हे करून बघा. पाठ सरळ ठेवून बसायचं असेल आणि फेरी तासाभराची असेल तर जाड मऊ पॅड मीही आनंदाने विकतो.

आता सोलवटण्याचं. हे दाबाचं नाही, घासण्याचं दुखणं आहे, आणि ते कुठे आणि कसं झालं यावरून कारण बरंचसं सांगता येतं. जांघेच्या घडीत बारीक सरळ रेघ उठली असेल तर सर्वांत आधी मी विचारीन: आत अंडरवेअर होती का? ट्रायल रूमच्या दारावर आम्ही पाटी लावली आहे, तरी दर महिन्याला कोणीतरी घालतंच. अंडरवेअरची इलॅस्टिक आणि जाड शिवण नेमकी तिथेच येते, आणि सुती कापड घाम धरून ठेवतं. पॅडची वरची बाजू थेट कातडीला लागण्यासाठीच बनवलेली असते. रेघ वळणदार, पॅडच्या कडेसारखी असेल तर पॅड जागचा हलतोय. आणि मांडीच्या आत, थोडं खाली, रुंद लाल चट्टा असेल तर शॉर्ट्सकडे बघण्याआधी सीट बघायला हवी. हायब्रिडसोबत येणारी रुंद सीट प्रत्येक पेडलला मांडीला घासते. सीट उंच असली की कंबर डावी-उजवीकडे डुलते आणि घासणं वाढतं.

शिवण तुम्ही घरीच तपासू शकता. शॉर्ट्स उलटी करा आणि मांडीच्या आतल्या शिवणीवरून नख आडवं फिरवा. फ्लॅटलॉक शिवणीवर नख जवळपास अडखळत नाही, कारण कापडाच्या दोन्ही कडा सपाट बसवलेल्या असतात. ओव्हरलॉकची शिवण आतून कड्यासारखी उभी राहते आणि नख तिला अडकतं. तुमच्या मॉडेलला फ्लॅटलॉक आहे आणि पॅड एकसंध आहे, मधोमध जोड नाही. कुठे टाका सुटला असेल किंवा पॅडची कड उचलली असेल तर तो बनावटीचा दोष. अशी शॉर्ट्स वापरलेली असली तरी आम्ही बदलून देतो. दोष नसेल तर अंगात घातलेली शॉर्ट्स परत घेत नाही, कारण ती दुसऱ्याला विकता येत नाही. हे बिलावर छापलेलं आहे.

साइझबद्दल माझं मत ठाम आहे. तुमची कंबर 34, आणि त्या ब्रँडच्या तक्त्यात 34 M मध्ये येते. टी-शर्टचा L इथे लागू होत नाही. सायकलची शॉर्ट्स उभं राहिल्यावर आवळल्यासारखी वाटते आणि हँडलवर वाकलं की नीट बसते, म्हणून आम्ही ट्रेनरवर लावलेल्या सायकलवर बसवून बघतो. वाकल्यावर बुडाखाली पॅड लोंबायला नको आणि मांडीवर कापडाची घडी धरता यायला नको. फार घट्टचीही खूण असते: पायाच्या पट्टीच्या वर मांस फुगून येतं. पट्टीची हलकी खूण उमटली तर काळजी नाही. L घेतली असती तर घामाने जड झालेलं कापड खाली ओढलं गेलं असतं आणि पॅड मांडीवर सरकत राहिला असता.

आणि एप्रिल. ओली कातडी कोरड्यापेक्षा जास्त घासली जाते, आणि जाड फोम भिजला की वाळायला तितकाच जास्त वेळ घेतो. म्हणून उन्हाळ्यात मी पातळ पण घन पॅड सुचवतो. घाटात बाटली डोक्यावर ओतायची सवय अनेकांना आहे. ते पाणी पाठीवरून थेट पॅडमध्ये उतरतं! त्यापेक्षा हात, मान आणि तोंड ओलं करा. निघण्याआधी जांघेत आणि पॅडच्या कडेला शॅमी क्रीम लावा. लांब राइडला सोबत छोटी पुडी ठेवा आणि अर्ध्या वाटेत, साताऱ्याला जेवायला थांबाल तेव्हा, पुसून पुन्हा लावा. पेट्रोलियम जेलीनेही काम भागतं, पण ती कापडातून निघता निघत नाही. राइड संपली की लगेच शॉर्ट्स बदला. धुताना फॅब्रिक कंडिशनर टाकू नका, त्याचा थर बसला की कापड घाम ओढत नाही.

पुढच्या वेळी खांद्यावरून जाणाऱ्या जाळीदार पट्ट्यांची बिब शॉर्ट्स एकदा घालून बघा. कंबरेला इलॅस्टिक नसते, पोट आवळत नाही आणि पॅड जागेवर राहतो. ढाब्यावरच्या संडासात मात्र जर्सी काढावी लागते, हे आधीच सांगून ठेवतो.

जखम भरेपर्यंत सायकल बाजूला ठेवा. फोड आला, पू दिसला किंवा ताप आला तर डॉक्टरांना दाखवा. बरं वाटलं की शॉर्ट्स धुऊन घेऊन या आणि सायकलही आणा. शिवण तुमच्यासमोर तपासू आणि सीटची उंची मोजू. त्याचे पैसे नाहीत. मंगळवारी दुकान बंद असतं.