विकसन करारनाम्याच्या टायपिंगबाबतच्या अभिप्रायाला आमचे उत्तर

"सोसायटीच्या करारनाम्याचे फोटो पाठवले होते, फक्त बघून टाइप करायचे होते. त्यासाठी पुन्हा फोटो मागितले, जादा दर लावला आणि शेवटी तीन ठिकाणी 'वाचता येत नाही' असे लिहून दिले. मला तर मोबाइलवर मोठे करून सगळे वाचता येत होते."

नमस्कार. आपण अभिप्राय सविस्तर लिहिलात, म्हणून उत्तरही सविस्तर देत आहे. शिवाजीनगर न्यायालयाच्या परिसरात आम्ही हेच काम करतो, आणि त्या तीन जागा मोकळ्या सोडण्याचा निर्णय माझा होता.

आपल्याकडील प्रत मूळ दस्ताची झेरॉक्स आहे आणि तिच्या प्रत्येक पानावर उजव्या बाजूला, एकाच जागी, वरपासून खालपर्यंत एक बारीक काळी रेघ आहे. यंत्रात कागद आपोआप ओढला जातो तेव्हा तो काचेच्या एका अरुंद पट्टीवरून सरकतो. त्या पट्टीवर व्हाइटनरचा किंवा धुळीचा कण चिकटलेला असला, तर कागद पुढे जातो, कण मात्र जागेवरच राहतो आणि ठिपक्याऐवजी पानभर रेघ उमटते. आपल्या प्रतीवर बहुधा हेच झाले आहे.

इंग्रजी मजकुरात अशी रेघ सहसा खटकते आणि वेगळी ओळखू येते; देवनागरीत ती काना होऊन बसते. आपल्या करारनाम्यात विकसकाच्या जबाबदारीच्या परिच्छेदात "विकसक व त्यांचे भागीदार" असे आहे की "विकसक वा त्यांचे भागीदार", हे त्या रेघेमुळे ठरत नाही. एका वाचनात जबाबदारी दोघांवर येते, दुसऱ्यात दोघांपैकी कोणावर यावरच वाद होऊ शकतो. एरवी काना शिरोरेघेपासून अक्षराच्या पायापर्यंतच असतो आणि रेघ दोन ओळींमधल्या पांढऱ्या जागेतही चालू राहते, त्यावरून आम्ही बहुतेक ठिकाणी फरक ओळखला. इथे मात्र रेघ नेमकी कान्याच्याच जागेवरून गेली आहे. तिच्याखाली काना असला काय नि नसला काय, चित्र सारखेच दिसते.

दुसरी जागा कलम क्रमांकाची आहे. ताबा देण्यास उशीर झाल्यास "कलम 1.4 मधील मुदत" लागू होईल की "कलम 11.4 मधील", हा तिथला प्रश्न. 1.4 मध्ये प्रकल्पाचा मूळ कालावधी आहे, तर 11.4 मध्ये नैसर्गिक आपत्तीमुळे मिळणारी वाढीव मुदत. दोन्ही कलमे अस्तित्वात आहेत आणि दोन्ही घातली तरी वाक्य अर्थपूर्णच राहते, त्यामुळे संदर्भावरून निवाडा होत नाही. तिसऱ्या जागी दरमहा भाड्याच्या रकमेतील एक अंक झाकला गेला आहे. अशा वेळी आम्ही अक्षरी रक्कम पाहून खात्री करतो, पण ती नेमकी पानाच्या घडीत गेली आहे. मोबाइलवर मोठे करून वाचताना आपल्याला अपेक्षित शब्दच दिसतो; आपण सभासद आहात, करार काय ठरला हे आपल्याला ठाऊक आहे. टाइप करणाऱ्याने मात्र कागदावर आहे तेवढेच लिहायचे असते, विशेषतः ती प्रत सर्वसाधारण सभेत वाटली जाणार असताना.

आता पुन्हा फोटो मागण्याविषयी. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेले पान आकुंचन पावते. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेल उरली, तर १४ इंची लीगल पानावर इंचाला जेमतेम ११४ पिक्सेल पडतात, आणि बारीक अक्षरांतले रफार व अनुस्वार पुसट होतात. तोच फोटो "डॉक्युमेंट" म्हणून पाठवला की मूळ आकारात येतो, म्हणून आम्ही तशी विनंती केली. त्याने पुसटपणा गेलाही. पण रेघ कागदावरच असल्यामुळे कितीही चांगला फोटो काढला तरी ती जात नाही. तिला उपाय एकच, दुसरी प्रत.

जादा दराचे कारण वाचनाचा वेळ हे आहे, आणि काम घेण्यापूर्वी तो दर आपल्याला कळवला होता. अर्ध्या पानाच्या सलग परिच्छेदात "सदर मिळकत" पाच-सहा वेळा आले की नजर एकावरून दुसऱ्यावर उडी मारते, मधली ओळ गळते, आणि उरलेले वाक्य तरीही नीट वाचले जाते. त्यामुळे टायपिंग झाल्यावर आमच्याकडे एक जण मूळ प्रत मोठ्याने वाचतो आणि दुसरा ओळीखाली पट्टी धरून टाइप केलेले पान तपासतो. हा वेळ आम्ही कमी करणार नाही.

आपल्या सचिवांकडील प्रत वेगळ्या वेळी काढलेली असेल, तर तिच्यावर ही रेघ नसण्याची शक्यता मोठी आहे. तीही तशीच निघाली, तर दस्त नोंदणीकृत असल्यामुळे संबंधित दुय्यम निबंधक कार्यालयातून प्रमाणित प्रत मिळवता येईल. पिवळ्या खुणा केलेल्या त्या तीन जागांची पाने तेवढी घेऊन या; आपल्यासमोर ती भरून, सुधारित पाने कोणतेही शुल्क न घेता छापून देऊ.