उत्तरेच्या भिंतीवर जानेवारीचं ऊन?

भाचा पुण्यात नोकरीला. आई-वडिलांसाठी त्याने धुळ्यात पाचव्या मजल्यावर फ्लॅट बुक केलाय. ६ जानेवारीला बिल्डरने व्हॉट्सअॅप ग्रुपवर दोन फोटो टाकले आणि खाली लिहिलं, "काम जोरात सुरू." दुसऱ्या दिवशी भिंती आणि आतल्या प्लास्टरच्या हप्त्याचं डिमांड लेटर आलं. स्लॅबपर्यंतचे ७० टक्के आधीच गेलेत, हा पुढचा ५ टक्क्यांचा हप्ता. ग्रुपवर अंगठे आणि "खूप छान प्रगती"चा पाऊस पडला. भाच्याने मला विचारलं, "मामा, भरू ना?"

मी पंचवीस वर्षं साइटवर सुपरवायझर होतो. फोटोत काम किती झालंय, हे मी नंतर बघतो. आधी ऊन बघतो.

पहिला फोटो रस्त्यावरून काढलेला, अख्ख्या बिल्डिंगचा. परांचीवर माणसं, वीटकाम चाललेलं. बिल्डिंगचं तोंड उत्तरेला आहे, मॅपवर दिशा तपासून घेतली. आणि फोटोत त्या दर्शनी भिंतीवर लख्ख ऊन! गॅलरीची सावली उजवीकडे, म्हणजे पश्चिमेकडे कललेली. म्हणजे सूर्य ईशान्येकडून आलेला.

जानेवारीत हे होतच नाही. २३ सप्टेंबरच्या सुमारापासून २१ मार्चपर्यंत आपल्याकडे सूर्य पूर्वेच्या दक्षिणेला उगवतो, पश्चिमेच्या दक्षिणेला मावळतो आणि दिवसभर दक्षिणेच्या बाजूनेच फिरतो. सरळ उत्तरेला तोंड असलेल्या भिंतीला त्या सहा महिन्यांत उन्हाचा एक कवडसाही मिळत नाही. हिवाळ्यात उत्तरेच्या गॅलरीत पापड वाळत नाहीत, हे आपल्या आयांना कुणी शिकवावं लागलं नाही. उन्हाळ्यात मात्र सकाळ-संध्याकाळ तिथे ऊन असतं. तेव्हा फोटो नवा नाही, किमान साडेतीन महिने जुना. (बिल्डिंग ईशान्येकडे बरीच वळलेली असेल तर हिवाळ्यातही सकाळचं ऊन पडतं, म्हणून आधी दिशा बघा, मग भांडा.)

भाचा म्हणाला, "पण मामा, फाइलचं नाव बघा." नाव होतं IMG-20250106-WA0004.jpg. अरे बाबा, ती तारीख फोटो काढल्याची नाही, व्हॉट्सअॅपवरून आल्याची. साधा फोटो म्हणून पाठवला की काढल्याची तारीख आणि जागा व्हॉट्सअॅप पुसून टाकतं. तोच डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर ती माहिती बहुधा टिकते. आम्ही तसा मागितला. ऑफिसातून उत्तर आलं, "ओरिजिनल डिलीट झाले." फोटोवर छापलेल्या तारखेच्या पट्टीवरही मी विसंबत नाही, मोबाइलची तारीख मागे-पुढे करता येते.

दुसरा फोटो खोलीचा, गुळगुळीत प्लास्टर केलेल्या. हा खोटा नव्हता, पण कुठला होता? खिडकीतून समोरच्या कडुनिंबाचा शेंडा डोळ्यांच्या रेषेत दिसत होता. ते झाड दुसऱ्या मजल्याच्याही वर जात नाही. पाचव्या मजल्यावरून तो शेंडा खाली दिसायला हवा. म्हणजे खालचा एक फ्लॅट सजवून साऱ्या बिल्डिंगच्या नावावर खपवला. खोलीचा फोटो आला की खिडकीतून बाहेर बघा. खिडकीच कापून काढलेली असेल तर मग खोली कुठलीही असू शकते, अगदी दुसऱ्या स्कीममधलीसुद्धा. आणि असा फोटो कधी नेटवर चढलाच नसेल तर गूगलवर शोधूनही सापडत नाही.

रविवारी गेलो. परांची उतरवलेली, रेतीचा ढीग नाही, मिक्सरच्या ड्रममध्ये सिमेंट दगड झालेलं. गच्चीवर जिन्याच्या टोपीसाठी सोडलेल्या सळ्यांचा गंज पावसात उतरून स्लॅबच्या कडेवर तांबडे ओघळ पडलेले. वॉचमन म्हणाला, "काय देखी राहिना भाऊ? पोळापासून काम बंद शे." वर गेलो, प्लास्टर फक्त पहिल्या मजल्यावर, तेही एकाच फ्लॅटला.

पैसे अडकले म्हणून काम थांबतं, हे मी जन्मभर पाहिलंय आणि त्याला मी लगेच चोर म्हणत नाही. पण थांबलेल्या कामाचा चालू फोटो दाखवून हप्ता मागणं, ही सरळ फसवणूक आहे.

भाच्याने माझे फोटो जोडून बिल्डरला आणि बँकेला मेल केला: आधी साइट बघा, मगच हप्ता सोडा. बँकेचा माणूस येऊन गेला, हप्ता थांबलाय. बिल्डरला दर तीन महिन्यांनी महारेराच्या वेबसाइटवर प्रगती भरावी लागते, तिथे काय लिहिलंय तेही आता भाचा ताडून बघतोय.

मी समोरच्या दूध डेअरीच्या पायरीवर उभं राहून दर महिन्याच्या १ तारखेला एकच फोटो काढतो, तीच पायरी, तीच चौकट. फेब्रुवारी आणि मार्चचे फोटो शेजारी ठेवले. फरक एकच, कडुनिंबाची पानं गळालीत.