‘परवडतं’ म्हणे!

मनाच्या आजाराचं निदान लग्न ठरवताना सांगावं की लपवावं, यावर मी लेख लिहिला होता. त्यावर ही प्रतिक्रिया आली:

“मॅडम, लेख छान, पण पुण्यात बसून लिहिलेला. कमावत्या बाईला खरं सांगणं परवडतं. आमच्याकडे तालुक्याच्या गावात एक स्थळ मोडलं की मध्यस्थच कारण पुढच्या दहा घरी पोचवतो आणि धाकटीचंही अडतं. वर तुम्ही कायद्याची भीती घालता, तीही चुकीची. एक वर्षाची मुदत लग्नापासून नाही, फसवणूक कळल्यापासून असते. ऑफिसात सांगावं की नाही, यावर एक ओळ नाही. माझ्या मोठीची गोळी चालू आहे. लग्न ठरेपर्यंत बंद ठेवू, नंतर बघू, असं आम्ही ठरवलंय. – दोन मुलींचा बाप”

मुदतीची चूक माझी. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १२ मध्ये फसवणुकीच्या कारणावरून लग्न रद्द करून मागायचं, तर फसवणूक कळल्यापासून वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो, आणि कळल्यावरही दोघं राजीखुशीने एकत्र नांदली असतील तर अर्ज टिकत नाही. लेखात दुरुस्ती केली आहे. पण भीती कुठे घातली? त्याच परिच्छेदात मी लिहिलं होतं की कलम ५ मध्ये लग्नाला आड येतो तो माणसाला लग्नाला आणि मूल होऊ द्यायला अयोग्य ठरवेल इतका मनोविकार. रोज एक गोळी घेऊन नोकरी करणारी मुलगी त्यात सहसा बसत नाही. १९८८ मध्ये रामनारायण गुप्ता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्किझोफ्रेनियासारख्या आजाराबाबतसुद्धा सांगितलं की नुसतं निदानाचं नाव पुरत नाही, आजार किती तीव्र आहे ते बघावं लागतं. आजारापेक्षा तो लपवल्याचाच मुद्दा कोर्टात जास्त ताणला जाऊ शकतो, एवढंच माझं म्हणणं होतं. तुम्ही मुदतीची ओळ वाचलीत आणि तिथेच थांबलात बहुतेक.

आता ‘परवडतं’. ‘मॅडम’ मी गिळलं असतं, हा शब्द नाही गिळवत.

मी पुण्यात आले लग्नानंतर. चिंताविकाराचं निदान झालं तेव्हा सव्वीस वर्षांची होते. तुमच्यासारख्याच एका तालुक्याच्या गावात खासगी शाळेत शिकवत होते आणि पगार सांगायला लाज वाटावी इतका होता. डॉक्टरांकडे जिल्ह्याच्या गावी एसटीने जायचे, आणि घरी शेजाऱ्यांना सांगायचो की दातांचं काम चालू आहे. दीड वर्ष दातांचं काम! एसिटालोप्राम १० मिलिग्रॅम, रात्री जेवणानंतर एक. पहिले पंधरा दिवस काही फरक नव्हता; महिन्याभरात छातीतली धडधड ओसरली आणि फळ्याकडे पाठ केली की वर्ग अंगावर येतोय असं वाटणं थांबलं.

तेवढ्यात स्थळ आलं. घरच्यांनी तुमच्यासारखंच ठरवलं: आत्ता काही बोलायचं नाही. साखरपुडा झाला आणि होणारी सून म्हणून मला गौरींना बोलावलं. पाकीट कुणाला दिसेल म्हणून गोळ्या घरीच ठेवून गेले. आवाहनाच्या दिवशी ठीक होते. पूजनाच्या दिवशी मान वळवली की डोक्यात बारीक शॉक बसल्यासारखं व्हायला लागलं. विसर्जनाच्या दिवशी भोवळ, मळमळ, डोळ्याला डोळा नाही, आणि कुणी हाक मारली तरी रडू. होणाऱ्या सासूबाईंनी दृष्ट काढली. तरी बरं वाटेना, तेव्हा त्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी सगळ्यांसमोर सरळ विचारलं, “काही औषधं चालू आहेत का?” मी म्हणाले, “नाही.”

मला वाटलं होतं की आजार उलटला. माझ्या डॉक्टरांनी नंतर समजावलं की तो आजार नव्हताच. अशी गोळी एकदम थांबवली की दोन-चार दिवसांत हे सुरू होतं, आणि पुन्हा चालू केली की बहुतेक वेळा लवकर शमतं. आजार उलटतो तो सहसा हळूहळू, आठवड्यांनी, आणि तो जुन्याच रूपात येतो. त्यात असे शॉक नसतात. हे आधी माहीत असतं, तर त्या खोलीत मी कदाचित ‘हो’ म्हणाले असते. महिन्याभराने सांगितलं तेव्हा त्यांच्या घरून निरोप आला की आजाराचं काही नाही, पण मुलगी डॉक्टरसमोर खोटं बोलली. आजाराचं खरंच काही नव्हतं का, याबद्दल मला अजून शंका आहे. पण कारण मीच हातात दिलं होतं.

म्हणजे न सांगणंही मला परवडलं नव्हतं, काका. साखरपुड्याचा खर्च माझ्या वडिलांनी पतपेढीतून काढला होता.

दुसऱ्या वेळी कांदेपोह्यांना काही बोलले नाही. पहिल्याच भेटीत अनोळखी माणसाला निदान सांगायची गरज नाही, हे लेखातही आहे. दोन्हीकडून पसंती आल्यावर, पण बैठकीच्या आधी, आम्ही दोघंच भेटलो तेव्हा सांगितलं. व्हॉट्सॲपवर लिहू नका म्हणते ते याचसाठी. लिहिलेलं पुढे कुठे जाईल याचा नेम नसतो. मी म्हणाले, “मला चिंताविकाराचं निदान झालंय. रोज एक गोळी आहे, शाळा एक दिवस बुडालेली नाही. त्रास वाढला की झोप जाते, छाती धडधडते, तेव्हा मला एकटीला बसू द्यावं लागतं. मुलाचा विचार करताना गोळीचं काय करायचं ते डॉक्टर ठरवतील. तुम्हाला विचारायचं असेल तर त्यांच्याकडे बरोबर चला.” आणि शेवटी: “नको असेल तर घरी नोकरीच्या गावाचं कारण सांगा.” पत्रिका आधीच जुळली होती, नाहीतर तेच सोपं पडलं असतं.

मध्यस्थाचा प्रश्न इथे येतो, आणि तुम्ही म्हणता तसा तो मोठा असेलही. पण मी मध्यस्थाला सांगा असं म्हटलंच नव्हतं. मुलाला सांगा म्हटलं होतं. तो पोटात ठेवेल याची खात्री नाही, हे मान्य. सासूबाईंना आम्ही लग्नानंतर दोन वर्षांनी सांगितलं, तेही ‘डोक्याची’ नाही, ‘झोपेची आणि धडधडीची’ गोळी म्हणून. त्यावर कुणाला दुटप्पीपणा म्हणायचा असेल तर म्हणा.

ऑफिसचं थोडक्यात. वरिष्ठांना निदान सांगायचं कारण नसतं. रात्रपाळी बदलून हवी असेल तर डॉक्टरांची तेवढ्यापुरती चिठ्ठी द्यावी. धाकटीबद्दल मी बोलत नाही, मला बहीण नाही.

हे सगळं लिहून झाल्यावर तुमची प्रतिक्रिया पुन्हा वाचली. पहिल्यांदा रागात शेवटचं वाक्य निसटलं होतं. गोळी बंद ठेवायचं ‘आम्ही’ ठरवलंय म्हणजे कुणी? डॉक्टर त्यात आहेत का? बरं वाटायला लागल्यावरही ही गोळी साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग डोस पायरीपायरीने, आठवडे घेत कमी करतात. आधीच बंद केली असेल आणि तिला मान वळवताना शॉक बसत असतील, झोप उडाली असेल, तर दृष्ट काढत बसू नका. आजच तिच्या डॉक्टरांना फोन करा आणि शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली ते सांगा. माझ्याशी भांडायचं असेल तर ते त्यानंतर करू.