फिलिप्स कर्व्ह मेलाय म्हणून नोटा छापा? थांबा जरा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलेला मेसेज, आधीपण दोन ग्रुपवर बघितला होता:

«फिलिप्सने सांगितलं होतं की थोडी महागाई सहन करा, बेकारी कायमची कमी होईल. सत्तरच्या दशकात दोन्ही एकदम वाढलं आणि हा नियम मेला. २००८ नंतर तर दोघांचा काही संबंधच राहिलेला नाही, म्हणजे नोटा छापून सगळ्यांना नोकऱ्या दिल्या तरी महागाई होणार नाही. तरी आरबीआय व्याज वाढवून नोकऱ्या घालवते, आणि टोमॅटो काही स्वस्त होत नाही.»

बेकारी आणि महागाई यांचा संबंध दाखवणारा फिलिप्स कर्व्ह, मी ठाण्यात बीएच्या मुलांना हाच चॅप्टर शिकवते, त्यामुळे गप्प बसवलं नाही. ग्रुपवर एवढं लांब टाकता येत नाही म्हणून इथे लिहितेय.

पहिला मुद्दा. फिलिप्सने असं काही सांगितलंच नव्हतं. हा मूळचा न्यूझीलंडचा इंजिनियर, नंतर लंडनला अर्थशास्त्राकडे वळला. १९५८ च्या त्याच्या पेपरमध्ये ब्रिटनचा १८६१ ते १९५७ चा डेटा आहे, आणि त्यात एका बाजूला बेकारी आहे तर दुसऱ्या बाजूला मजुरी दर वर्षी किती टक्के वाढली ते आहे. वस्तूंच्या किमती नाहीत, मजुरी! कामगार मिळेनासे झाले की मालक पगार वाढवून ओढाओढी करतात, आणि बाहेर रांग लागली की पगार जागेवर थांबतात, इतकं साधं निरीक्षण होतं ते. मजुरीच्या जागी किमती बसवून अमेरिकेसाठी आकडे काढले सॅम्युएलसन आणि सोलो या अर्थतज्ज्ञांनी, १९६० मध्ये. हॉटेलात मेन्यूकार्ड असतं तसं, एवढी बेकारी हवी तर एवढी महागाई, ही मांडणी त्यांची. आणि त्यांनीसुद्धा हे जवळच्या काही वर्षांपुरतंच आहे, पुढे कर्व्ह स्वतःच सरकू शकतो, असं त्याच पेपरमध्ये लिहून ठेवलंय. «कायमची» हा शब्द मेसेजवाल्याने आणलाय.

दुसरा मुद्दा, सत्तरचं दशक. इथे थोडा वेळ देते कारण सगळी गोम इथेच आहे.

वागळे इस्टेटमधलं एक छोटं वर्कशॉप डोळ्यासमोर आणा. लेथवरच्या कारागिराला महिना २०,००० मिळतात, आणि गेली काही वर्षं किमती जवळपास स्थिर आहेत असं धरू. आता सरकारने आणि मध्यवर्ती बँकेने, म्हणजे आपल्याकडे आरबीआयने, मिळून बाजारात भरपूर पैसा सोडला, ऑर्डरी वाढल्या, मालाला ५ टक्के जास्त भाव मिळायला लागला. मालकाचा पगाराचा खर्च अजून तेवढाच आहे, म्हणजे एका जॉबमागे त्याला जास्त सुटतंय, म्हणून त्याने आणखी दोन पोरं कामाला घेतली. बेकारी कमी झाली. कारागिराला शेजारच्या गाळ्यातून बोलावणं आलं म्हणून त्याचे ५०० वाढवले, तोही खूश. पण वर्ष संपता संपता भाजी, खोलीचं भाडं, मुलाची ट्यूशन, सगळंच ५ टक्क्यांनी वर गेलंय, आणि घरी बायको विचारतेय की पगार वाढला तो गेला कुठे.

पुढच्या दिवाळीला हा माणूस मालकाला काय सांगणार? की शेट, आधी महागाईचे ५ टक्के द्या, त्याच्यावर काय वाढवायचं ते मग बोलू. झालं! पगार किमतींच्या बरोबरीने चालायला लागला की मालकाचं ते जास्तीचं सुटणं संपलं, आणि ज्या हिशोबावर त्याने दोन पोरं घेतली होती तो हिशोबच राहिला नाही, म्हणून ती पोरं परत घरी. बेकारी जिथे होती तिथे आली पण ५ टक्के महागाई मात्र तशीच राहिली. पोरं कामावर ठेवायचीच असतील तर आता कारागिराला अपेक्षित नाही इतकी, म्हणजे ५ च्या वर महागाई आणावी लागेल, पुढच्या वर्षी त्याच्याही वर.

हे अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमनने डिसेंबर १९६७ च्या भाषणात सांगितलं होतं, आणि एडमंड फेल्प्सने त्याच सुमारास स्वतंत्रपणे. तेव्हा अमेरिकेत कर्व्ह अगदी पुस्तकासारखा चालत होता. १९६१ ला बेकारी ६.७ टक्के आणि महागाई १ टक्का, १९६९ ला बेकारी ३.५ आणि महागाई ५.५. आणि १९७५ ला? बेकारी ८.५, महागाई ९.१. मध्ये १९७३ चा तेलाचा भडका होता हे खरंय, त्याने बराच हातभार लावला, पण लोकांनी महागाई धरूनच पगार मागायची सवय तेलाच्या आधीच लावून घेतली होती. म्हणजे नियम मेला नाही, त्यात एक पद राहून गेलं होतं: लोकांना किती महागाई होईल असं वाटतं. महागाई म्हणजे लोकांची अपेक्षा, अधिक कामगारांच्या टंचाईचा दाब, अधिक तेल-कांद्यासारखे धक्के. यातली अपेक्षा वर गेली की अख्खा कर्व्हच वर सरकतो.

तिसरा मुद्दा मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यातलं निरीक्षण बरंचसं बरोबर आहे आणि त्यावरून काढलेला निष्कर्ष साफ चूक आहे.

निरीक्षण खरंय. ऑक्टोबर २००९ ला अमेरिकेत बेकारी १० टक्क्यांवर गेली, तरी किमती काही कोसळत राहिल्या नाहीत. २०१९ ला बेकारी ३.५ वर आली, तरी महागाई २ च्या आसपासच. ग्राफ काढला तर कर्व्ह कसला, आडवी रेघ दिसते.

आता एक बेरीज करून बघू, आकडे माझे, समजण्यापुरते. समजा बेकारी ५ टक्के असली की दाब शून्य, आणि ती १ टक्क्याने खाली आली की महागाईत अर्धा टक्का भर पडते. महागाई सध्या २ आहे, आणि सरकार बेकारी ४ वर धरून ठेवतं. लोक जर मागच्या वर्षीची महागाई हीच यंदाची अपेक्षा धरत असतील, तर २ ची २.५, मग ३, मग ३.५, दहाव्या वर्षी ७. आता दुसऱ्या देशात लोकांना पक्का विश्वास आहे की मध्यवर्ती बँक महागाई २ वर आणणारच, तिथे कोणी गेल्या वर्षाकडे बघतच नाही. तिथे पहिल्या वर्षी २.५, आणि दहाव्या वर्षीही २.५. दोन्ही देशांत दाब तेवढाच, तोच अर्धा टक्का! पण दुसऱ्याचा ग्राफ बघणारा म्हणणार की संबंधच नाही.

हीच गोष्ट नाकामुरा, स्टाइनसन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी डेटातून दाखवली, पेपर २०२२ चा आहे. त्यांनी अख्ख्या अमेरिकेचा आकडा न घेता राज्याराज्यांची तुलना केली, कारण दूर पल्ल्याची अपेक्षा सगळ्या राज्यांत सारखीच असते, बँक एकच आहे, मग एका राज्यातून दुसरं वजा केलं की अपेक्षा कटते आणि नुसता बेकारीचा दाब उरतो. निघालं असं की कर्व्हचा उतार, म्हणजे बेकारी १ टक्क्याने घटली की महागाई किती वाढते ते, आज लहान आहे, पण तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीलाही लहानच होता, फार काही बदललेला नाही. मग तेव्हा महागाई १९८० च्या १३.५ वरून १९८३ ला ३.२ वर आली ती कशी? अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा तेव्हाचा प्रमुख व्होल्कर, त्याने व्याज १९-२० टक्क्यांपर्यंत नेलं, १९८२ च्या शेवटी बेकारी १०.८ झाली, लोकांनी अतोनात सोसलं, पण महागाईतली बरीचशी घट आली ती लोकांची अपेक्षा खाली सरकल्यामुळे.

आडवी रेघ दिसण्याचं आणखी एक कारण आहे, ते मी वर्गात घोडबंदर रोडवर समजावते. गायमुखचा घाट आहे, चढ आला की ड्रायव्हर ॲक्सिलरेटर दाबतो, उतार आला की सोडतो, आणि गाडी ४० वर ठेवतो. आता कोणी मागे बसून पायाची हालचाल आणि स्पीड दोन्ही लिहून काढलं तर त्याला काय दिसेल, पाय खालीवर होतोय, स्पीड हलत नाही, म्हणजे ॲक्सिलरेटरचा स्पीडशी संबंध नाही! बँक आपलं काम नीट करत असली की असंच होतं, जिथे मागणीमुळे महागाई वाढणार असं दिसतं तिथे ती आधीच व्याज वाढवते, आणि डेटात संबंध पुसला जातो. मॅकले आणि टेनरेरो यांनी २०१९ मध्ये हे व्यवस्थित मांडलंय. म्हणून «संबंध दिसत नाही, मग नोटा छापा» म्हणजे «ॲक्सिलरेटर काही करत नाही, मग दाबून धरा» असं म्हणण्यासारखं आहे. आडवी रेघ ज्या विश्वासावर टिकलीय तोच विश्वास नोटा छापल्यावर जाणार, मग आपण वरच्या दुसऱ्या देशातून पहिल्या देशात येतो.

आणि संबंध अगदीच गेलाय असंही नाही. मार्च २०२२ ला अमेरिकेत एका बेकार माणसामागे जवळपास दोन रिकाम्या जागा होत्या, पगार भराभर वाढले, जूनला महागाई ९.१ टक्के. कोव्हिडनंतरची मालाची टंचाई आणि युक्रेन युद्ध हे त्यात मोठं कारण होतंच. पण वर्षभरात ती ३ वर आली आणि बेकारी तेव्हाही ३.६ च होती. सत्तरच्या दशकात हे इतक्या स्वस्तात झालं नसतं, यावेळी लोकांची लांबची अपेक्षा फारशी हललीच नव्हती.

शेवटचा मुद्दा, आपल्याकडचा. टोमॅटोबद्दल मेसेज बरोबर आहे, रेपो रेटने, म्हणजे आरबीआय बँकांना ज्या व्याजाने पैसा देते त्याने, टोमॅटो पिकत नाही. जुलै २०२३ आठवा, वाशीच्या एपीएमसीतून येणारा टोमॅटो ठाण्यात घ्यायचा की नाही याचा विचार करायला लागत होता, त्या महिन्यात देशाची महागाई ७.४४ टक्के. आरबीआयने काय केलं? रेपो फेब्रुवारीपासून ६.५ होता, तो ६.५ च ठेवला. नवा माल आला आणि सप्टेंबरला महागाई ५.०२. म्हणजे टोमॅटोसाठी नोकऱ्या घालवल्या हा आरोप त्या वर्षापुरता तरी टिकत नाही. भाजीचे भाव महिनोन्‌महिने वर राहिले आणि कारागीर ते धरून पगार मागायला लागला, भीती त्या टप्प्याची असते, म्हणूनच आरबीआय मुंबईसह अनेक शहरांत घरोघरी विचारून घेते की पुढच्या वर्षी भाव किती वाढतील असं वाटतं.

नोकऱ्यांबद्दलची काळजी मात्र मला पूर्ण मान्य आहे, आणि आपल्याकडे ती या कर्व्हवर दिसतसुद्धा नाही. २०२२-२३ च्या सरकारी सर्व्हेत बेकारी ३.२ टक्केच होती, कारण रबाळेच्या कंपनीतून काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी भाड्याची रिक्षा चालवायला लागला की तो मोजणीत कामावरच असतो. त्याच सर्व्हेत काम करणाऱ्यांपैकी अर्ध्याहून जास्त लोक स्वतःचं काहीतरी करणारे आहेत. मंदी आली की आपल्याकडे बेकारीचा आकडा फार हलत नाही, कमाई हलते. स्टँडवर रिक्षा वाढतात आणि प्रत्येकाला दिवसाच्या फेऱ्या कमी मिळतात. भारतासाठी फिलिप्स कर्व्ह काढणारे म्हणूनच बेकारीच्या जागी बहुतेकदा देशाचं उत्पादन त्याच्या क्षमतेपेक्षा किती कमी-जास्त आहे ते घेतात. व्याजवाढीने इथे कोणाचं किती गेलं हे शोधायचं असेल तर त्या स्टँडवर जाऊन फेऱ्या मोजाव्या लागतील.