त्या पोस्टला उत्तर देण्याआधी मी कढईत मीटर बुडवला

गेल्या दिवाळीच्या आठ दिवस आधी, ऐन गर्दीत, आमच्याकडचं काम सोडून गेलेल्या एका आचाऱ्यानं कोल्हापूरच्या एका मोठ्या ग्रुपवर आमच्या फरसाणच्या दुकानाचा फोटो टाकला. खाली तीन गोष्टी लिहिल्या: तेल पंधरा-पंधरा दिवस बदलत नाहीत, शेवेत कपड्याचा रंग घालतात, माझा पगार बुडवला. सकाळी शटर वर केलं तर रोज पाव किलो पापडी नेणाऱ्या काकू दारातच उभ्या. "व्हय रं, खरं हाय का ते?"

धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, पोरं घिऊन जातो त्याच्या दारात." एका मित्रानं सायबरला आयटी कायद्याच्या ६६अ खाली तक्रार द्यायला सांगितलं. ते कलम सुप्रीम कोर्टानं २०१५ सालीच रद्द केलंय, चहाच्या टपरीवर मात्र अजून जिवंत आहे. मी स्वतः काय कमी? 'चोरी करताना सापडला म्हणून काढला' असं टाईप करून बसलो होतो. पाठवलं नाही, हे नशीब. संशय होता, पुरावा काडीचा नव्हता. बदनामीची केस उलट माझ्यावरच बसली असती.

त्या सकाळी एक काम बरं केलं. पोस्ट, तिची लिंक, तारीख-वेळ, त्याचं प्रोफाईल आणि खालच्या कमेंट यांचे स्क्रीनशॉट काढले आणि तो फोन तसाच जपून ठेवला. पोस्ट कधीही बदलता येते. कोर्टात असे स्क्रीनशॉट दाखवायचे तर साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं, हे नंतर वकिलांकडून कळलं.

वकील आमच्या गल्लीतलेच. म्हणाले, बदनामीसाठी न्याय संहितेचं कलम ३५६ आहे, दोन वर्षांपर्यंत साधी कैद होऊ शकते. पण गुन्हा अदखलपात्र, पोलीस थेट एफआयआर घेणार नाहीत, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं फिर्याद द्यावी लागेल. नुकसानभरपाईचा दावा करायचा तर वर्षाच्या आत. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "तेलाचं काय? उलटतपासणीत पहिला प्रश्न तोच येणार."

मी गप्प. कारण पंधरा दिवसांचं खोटं असलं तरी रोज कढई रिकामी करत होतो असंही नव्हतं. तीस किलोची कढई. संध्याकाळी गाळायचं, सकाळी पाच-सहा किलो नवं तेल वर घालायचं. सगळीकडं असंच चालतं, अशी मनाची समजूत. तळून तळून तेलात जे घटक तयार होतात, त्यांची एफएसएसएआयनं घातलेली मर्यादा २५ टक्के आहे, आणि ते मोजायचा मीटर मिळतो. ओळखीच्या एका केटररकडून तो आणला. कढईतल्या तेलात बुडवला. आकडा आला २७.

नव्या तेलाची भर घातली की रंग उजळतो, वास जातो, आणि आपल्याला वाटतं तेल ताजं झालं. जुनं तेल त्यात मिसळून तसंच असतं. ती कढई त्याच दिवशी रिकामी केली. आता रोज संध्याकाळी मोजतो, २२-२३ आला की सगळं तेल बाहेर. ते वापरलेलं तेल गोळा करणाऱ्या अधिकृत माणसाला देतो.

पगाराचंही तसंच. न सांगता गेला म्हणून त्याचे अकरा दिवस अडवून ठेवले होते. १८ हजार पगार, २६ दिवसांनी भागले तर दिवसाला ६९२ च्या थोडं वर, म्हणजे अकरा दिवसांचे ७,६१५ रुपये. बँकेतून पाठवले. भाऊ म्हणाला, आधी पोस्ट काढायला लाव, मग दे. मला ते पटलं नाही. ते पैसे त्याच्या घामाचे होते. अट घातली असती तर पुढची पोस्ट 'तोंड बंद ठेवायला पैसे देतात' अशी आली असती, आणि ती खोटी म्हणता आली नसती.

राहिला रंग. हे मात्र धादांत खोटं, आमच्या शेवेत हळदच असते. तरी नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत दिला.

मग त्याच पोस्टखाली एकदाच लिहिलं: "पगार थकला होता, आज जमा केला, उशीर आमचा. तेल मोजलं, मर्यादेच्या वर निघालं, त्याच दिवशी बदललं, आता रोजचा आकडा काउंटरवर लावतो. शेवेत रंग नाही, नमुना तपासायला दिलाय, अहवाल इथंच टाकतो." त्याचं नाव नाही, तो का गेला तेही नाही. खाली दोघा-तिघांनी शिव्या घातल्या, त्यांना उत्तर दिलं नाही. हे मी त्या आचाऱ्यासाठी लिहिलंच नव्हतं, काकूंसाठी लिहिलं होतं. पापडी त्याच नेतात.

त्या दिवाळीला गल्ला बसला तो बसलाच. अहवाल नंतर आला, रंग नव्हता, तो टाकला तेव्हा वाचायला फारसं कुणी उरलं नव्हतं. वकिलांची नोटीस तयार होती, पाठवली नाही. चार दिवसांनी त्यानं पोस्टमधली रंगाची ओळ काढली. तेलाची ओळ अजून आहे. ती काढ म्हणून मी त्याला फोन केलेला नाही.