रीळ कुठे जाईल? रोटेशनच्या एमसीक्यूवर फिरणाऱ्या मेसेजला उत्तर

«रोटेशनल डायनॅमिक्सवर कन्सेप्टचे एमसीक्यू काढत बसू नका. फॉर्म्युले पाठ असले की कुठलाही प्रश्न सुटतो. चुकीचे पर्याय असतातच मुळी मुलांना फसवायला. आणि चारपैकी एक उत्तर तुक्क्यानेही लागतं, म्हणजे मार्कांवरून काहीच कळत नाही.»

सोलापुरातल्या अकरावी-बारावीच्या शिक्षकांमध्ये हा मेसेज चांगलाच फिरतोय. हा बारावीचा पहिलाच धडा, त्यामुळे आषाढीच्या आसपास पहिली चाचणी यावरच होते, आणि पेपर काढायला बसलेल्या माणसाला असलं काही वाचून मोकळं वाटतं. मेसेजमधले मुद्दे तीन आहेत, ते एकेक करून घेते.

फॉर्म्युल्यांचं आधी. उतारावरून रिंग आणि भरीव गोळा सोडले तर गोळा आधी पोचतो, हे आपल्या प्रत्येक मुलाला पाठ असतं. आता प्रश्न थोडा फिरवून विचारा. सपाट जमिनीवर रिंग आणि भरीव गोळा न घसरता, केंद्राच्या सारख्याच वेगाने घरंगळत येतात आणि समोरचा चढ न घसरता चढतात. जास्त उंच कोण जाईल? पर्याय: (अ) गोळा, (ब) रिंग, (क) दोन्ही सारखीच, (ड) वस्तुमान दिल्याशिवाय सांगता येणार नाही.

बरोबर उत्तर रिंग. केंद्राचा वेग सारखा असताना फिरण्यातली ऊर्जा वस्तुमानाच्या मानाने रिंगकडे जास्त असते आणि ती सगळी उंचीत जाते. h = v²(1 + K²/R²)/2g हे सूत्र मुलांकडे असतंच. वेग २ मीटर प्रति सेकंद आणि g १० धरला तर रिंग ४० सेंटिमीटर चढते, गोळा २८. आकडे देऊन उंची काढायला सांगितली असती तर बहुतेकांनी काढलीही असती. पण आकडे नसले की हात सूत्राकडे न जाता पाठ केलेल्या निष्कर्षाकडे जातो, «गोळा जिंकतो», आणि (अ)वर खूण होते. (क) निवडणारा मुलगा फक्त ½mv² = mgh लिहून थांबलेला असतो. त्याच्या हिशेबात दोन्ही वस्तू २० सेंटिमीटर चढतात, म्हणजे फिरण्याची ऊर्जा त्याने मोजलेलीच नाही. (ड) निवडणाऱ्याला दोन्हीकडचं m कटतं हे दिसलेलं नाही. सूत्र तिघांनाही येतं, तरी तिघांची अडचण तीन ठिकाणी आहे. नुसत्या गणितात ती तीन ठिकाणं वेगळी दिसली नसती.

दुसरा मुद्दा फसवण्याचा. मला सगळ्यात जास्त याच आरोपाबद्दल बोलायचं आहे, कारण पर्याय कसे काढावेत हे यातूनच कळतं.

आपल्याकडे सूत घराघरात आहे. पूर्व भागातली कितीतरी मुलं यंत्रमागाच्या आवाजात मोठी झालेली असतात, त्यामुळे रिळाचा प्रश्न इथे समजावून सांगावा लागत नाही. वायरचं रिकामं रीळ घ्या, दोन्ही बाजूंना चकत्या आणि मध्ये दांडा असलेलं. चकतीची त्रिज्या ४ सेंटिमीटर, दांड्याची २ धरू. दांड्याला सूत गुंडाळलंय आणि त्याचं टोक दांड्याच्या खालच्या बाजूने उजवीकडे बाहेर आलंय. आता ते टोक आडवं, हलकेच, उजवीकडे ओढलं. रीळ घसरत नाही. काय होईल?

(अ) रीळ उजवीकडे जाईल, सूत गुंडाळलं जाईल.
(ब) रीळ उजवीकडे जाईल, सूत उलगडेल.
(क) रीळ डावीकडे जाईल, सूत उलगडेल.
(ड) रीळ जागेवरच राहील, कारण ओढ आणि घर्षण समान होतात.

उत्तर (अ). रीळ जमिनीला टेकतं त्या बिंदूभोवती टॉर्क घ्या. घर्षण, वजन आणि जमिनीचा आधार, तिन्ही त्याच बिंदूतून जातात, त्यामुळे त्यांचा टॉर्क शून्य. उरली फक्त सुताची ओढ. ती त्या बिंदूच्या २ सेंटिमीटर वरून उजवीकडे आहे, म्हणून रीळ उजवीकडेच घरंगळतं. आता अंतर बघा. रीळ १० सेंटिमीटर पुढे गेलं की दांड्यावर ५ सेंटिमीटर सूत चढतं, म्हणजे आपला हात फक्त ५ सेंटिमीटर सरकतो आणि रीळ हाताला गाठायला येतं. हे टेबलावर करून बघितल्याशिवाय मुलं मानत नाहीत. टेबलावर चादर अंथरा आणि ओढ हळू ठेवा. गुळगुळीत फरशीवर झटका दिला तर रीळ घसरतं आणि चक्क (ब) घडताना दिसतं. म्हणून प्रश्नात «हलकेच» आणि «घसरत नाही» हे शब्द हवेतच. ते गाळून (ब) चूक धरणं ही मात्र खरी फसवणूक आहे.

आता चुकीचे पर्याय. (क) निवडणाऱ्याला टॉर्क येतो. त्याने केंद्राभोवती सुताचा टॉर्क घेतला, तो घड्याळाच्या उलट दिशेने आहे हे बरोबर ओळखलं आणि रीळ डावीकडे पाठवलं. त्याच्याकडून एकच गोष्ट सुटली: जमिनीचं घर्षणही केंद्राभोवती टॉर्क देतं, आणि ते ४ सेंटिमीटरवरून देतं. (ब) निवडणाऱ्याने «ओढलं की दोरा सुटतो» हा रोजचा अनुभव वापरला, घरंगळण्याची अट वापरलीच नाही. (ड)मध्ये बळांचा समतोल मनात आहे, पण टॉर्कचा नाही. घर्षण ओढीइतकं झालं असं मानलं तरी त्याचा हात मोठा असल्यामुळे रीळ फिरायला लागणारच. मुलाच्या मनात आधीपासून जी समजूत बसली आहे, तिला या तीन पर्यायांनी फक्त एकेक जागा दिली. फसवणूक वेगळी असते: ‘नाही’ हा शब्द बारीक अक्षरात टाकणं, एकक गुपचूप बदलणं, «वरीलपैकी एकही नाही» टाकून काखा वर करणं. असे पर्याय मीही काढून टाकायलाच सांगेन.

याच प्रश्नाचा एक कच्चा मसुदा शिक्षकांकडे हमखास दिसतो, त्यात नुसती दिशा विचारलेली असते: उजवीकडे, डावीकडे, जागेवर. त्यात अडचण आहे. «जिकडे ओढाल तिकडे जाणार» एवढाच विचार केलेला मुलगाही पूर्ण मार्क घेऊन जातो. दिशेला सुताची स्थिती जोडली की बरोबर दिशा आणि बरोबर कारण वेगळे होतात. जोडतानाही एक पथ्य आहे. तीन पर्यायांत ‘उलगडेल’ आणि एकातच ‘गुंडाळलं जाईल’ असं झालं तर चलाख मुलगा वेगळा दिसणारा पर्याय उचलतो, त्याला भौतिकशास्त्र लागत नाही. म्हणून (ड)मध्ये सुताचा उल्लेखच ठेवला नाही.

तुक्क्याचा मुद्दा थोडक्यात. एका प्रश्नात तुक्का लागण्याची शक्यता चारात एक, हे खरंच आहे. त्यावरचा उपाय जोडप्रश्न. वरचाच चढाचा प्रश्न पेपरात चार-पाच प्रश्न सोडून पुन्हा द्या, पर्याय तेच, फक्त चढ पूर्ण गुळगुळीत करा आणि चढाबद्दलचं «न घसरता» काढा. आता घर्षण नाही, फिरणं आहे तसंच चालू राहतं, फक्त सरळ गतीची ऊर्जा उंचीत जाते आणि दोन्ही वस्तू २० सेंटिमीटरवरच थांबतात. उत्तर (क). दोन्ही प्रश्न तुक्क्याने बरोबर येण्याची शक्यता सोळात एक. आणि पहिल्यात (ब) पण दुसऱ्यातही (ब) लिहिणारा मुलगा तुक्का मारत नसतो. ‘रिंगच जिंकते’ असा नवा पाठ त्याने केलेला असतो, तो आपल्याला दिसतो.

शिवाय मार्क बघण्याआधी चुका कुठे पडल्या ते बघावं. साठ मुलांच्या वर्गात सगळ्यांनी तुक्का मारला तर प्रत्येक पर्यायावर पंधराच्या आसपास मुलं येतील. समजा रिळाच्या प्रश्नात (क)वर एकटी सत्तावीस मुलं आली. त्याला तुक्का म्हणता येत नाही, ती एक सामायिक समजूत आहे, आणि दुसऱ्या दिवशी स्पर्शबिंदूभोवतीचा टॉर्क फळ्यावर घ्यायचा हे ठरलं. एखाद्या पर्यायावर कुणीच आलं नाही तर तो पर्याय मेलेला, पुढच्या वर्षी बदलायचा. एकूण मार्कांनुसार वरची वीस आणि खालची वीस मुलं वेगळी काढून हेच पुन्हा बघा. वरच्या वीसांतली जास्त मुलं एखाद्या चुकीच्या पर्यायावर आणि खालच्या वीसांतली जास्त बरोबर उत्तरावर दिसली, तर मुलांना दोष देऊ नका, प्रश्नाची भाषा तपासा. रिळाच्या प्रश्नात असं झालं तर बहुतेक वेळा ‘हलकेच’ राहून गेलेलं असतं आणि हुशार मुलांनी घसरण्याचा विचार केलेला असतो. कागदावर चार रकाने आखून हा हिशेब मधल्या सुट्टीत होतो.

फेरचाचणीत रीळ तेच, पर्याय (अ) ते (क) तेच ठेवा, आणि सूत आडवं न ओढता आडव्या रेषेशी ७५ अंशांचा कोन करून वर ओढा. ओढ इतकीच की रीळ उचललं जाणार नाही आणि घसरणार नाही. दांडा चकतीच्या निम्मा असल्यामुळे ६० अंशांना ओढीची रेषा नेमकी स्पर्शबिंदूतून जाते, तिथे टॉर्क शून्य होतो आणि रीळ घरंगळत नाही. ७५ अंशांना ती रेषा बिंदूच्या पलीकडे गेलेली असते, रीळ डावीकडे जातं, सूत उलगडतं. मागच्या वेळी चूक असलेला (क) आता बरोबर असतो. आणि (ड)च्या जागी लिहा: «सूत खालूनच निघत असल्यामुळे ओढीची दिशा कोणतीही असली तरी रीळ उजवीकडेच जाईल.» मागचं उत्तर घोकून आलेली मुलं (अ)वर किंवा यावर सापडतात.